जुनं v1 बंद करण्याआधी ते मुद्दाम काही तास पाडावं का?

दरपत्रक: आमची पार्सलचे दर देणारी एपीआय आहे. v1 मध्ये की यूआरएलमधूनच जाते, v2 मध्ये ती हेडरमध्ये द्यावी लागते. v1 ३० सप्टेंबर २०२६ ला बंद. मसुदा असा: १ जुलैला सूचनेची मेल, त्यात 'यूआरएलमधलं v1 काढून v2 लावा' ही पायरी, आणि सप्टेंबरात दोनदा v1 तीन-तीन तास मुद्दाम बंद. हे शेवटचं साहेबांना पटत नाही. तुमचं मत?

जुना_सर्व्हर: मला पटतं. ट्विटरची v1.1 सप्टेंबर २०१२ मध्ये आली. v1 मार्च २०१३ मध्ये जाणार होती, पण प्रत्यक्षात ११ जूनला गेली. मधल्या काळात त्यांनी 'ब्लॅकआउट टेस्ट' घेतल्या. तेवढा वेळ v1 ला 410 Gone मिळायचं. मेल न वाचणाऱ्यांना त्यातूनच कळतं.

पण माझा खरा आक्षेप तुमच्या पायरीवर आहे. तिथेही पुष्कळांना वाटलं, पत्त्यातलं `/1/` काढून `/1.1/` केलं की झालं. v1.1 ला मात्र प्रत्येक कॉलला ओऑथ लागायचं, शिवाय एक्सएमएल आणि आरएसएस गेलं होतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधून कीशिवाय ट्वीट आणणाऱ्या साइट अडकल्या, कारण गुप्त की पानावर उघडी ठेवता येत नाही. त्यासाठी सर्व्हरवर कोड लिहावा लागला. तुमच्याकडेही नुसतं v2 लावणाऱ्याला 401 मिळेल आणि तो म्हणेल, v2 च बिघडलंय. आधीची आणि नंतरची ओळ शेजारी द्या:

```
curl "https://api.example.com/v1/rates?pin=416001&key=KEY"
curl -H "Authorization: Bearer KEY" \
  "https://api.example.com/v2/rates?pin=416001"
```

मालवणी_मसाले: मी दुकानदार आहे, मला साफ अमान्य. आमची साइट बनवणारा मुलगा केव्हाच सोडून गेला आणि की त्याच्याच मेलवर नोंदलेली होती. एका कंपनीने अशीच जुनी आवृत्ती बंद केली. सूचना त्याला गेली, ऑर्डर माझ्या थांबल्या. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. त्या आठवड्यात तीन तास दर आले नाहीत तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. हा इशारा नाही, शिक्षा आहे.

अँड्रॉइडवाला: targetSdk वाढवून नवा बिल्ड टाका, जुनी एपीआय लेव्हल प्ले स्टोअरला चालत नाही.

दरपत्रक: तो विषय वेगळा, दादा. ही आमच्या सर्व्हरची एपीआय आहे.

कोडकरी_ठाणे: बंदच कशाला करायचं? स्ट्राइप जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं चालवते. खातं ज्या आवृत्तीवर सुरू झालं तिलाच बांधलेलं राहतं आणि उत्तर मागच्या रूपात बदलून दिलं जातं. v1 ला आतून v2 कडे वळवा, कुणाला काही करावं लागणार नाही.

जुना_सर्व्हर: नुसता उत्तराचा साचा बदलला असता तर मीही हेच म्हटलं असतं. इथे की यूआरएलमध्ये आहे, म्हणजे ती प्रॉक्सीच्या आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडी पडते. आतून वळवलं तरी ते गळणं तसंच राहतं.

मालवणी ताईंचा मेलचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. ऑगस्टमध्ये लॉगमधून v1 वर उरलेल्या कीची यादी काढा आणि ज्यांचे कॉल जास्त त्यांना फोन करा. प्रोग्रॅमना कळावं म्हणून v1 च्या प्रत्येक उत्तरात आजपासून हे हेडर टाका (आरएफसी 8594):

```
Sunset: Wed, 30 Sep 2026 05:30:00 GMT
```

म्हणजे आपले सकाळचे ११. मध्यरात्री बंद केलं तर सकाळपर्यंत फोन उचलायला कुणी नसतं.

कोडकरी_ठाणे: आणि ग्राहकांच्या फोनमधल्या ॲपमध्ये v1 कोरलेलं असेल तर? दुकानदाराने नवं ॲप काढलं तरी लोक ते घेतीलच असं नाही.

जुना_सर्व्हर: त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तेवढ्या कीपुरती मुदत वाढवावी लागेल.

ब्लॅकआउट करायचाच तर वेळ विचारपूर्वक निवडा. गिटहबने गिटसाठी पासवर्ड बंद करण्याआधी, ३० जून २०२१ ला, दोन वेळा ठेवल्या होत्या. आपल्या घड्याळात दुपारी १२.३० ते ३.३० आणि रात्री ९.३० ते १२.३०. दिवसाचे वापरणारे आणि रात्रीचे क्रॉन दोघेही सापडावेत म्हणून मीही अशाच दोन वेळा घेईन. उत्तर 410 च द्या, सोबत v2 चा पत्ता. 503 दिलंत तर बरेच क्लायंट तात्पुरता बिघाड समजून पुन्हा पुन्हा धडकतात, आणि ब्लॅकआउट संपला की कुणाला काही कळलेलंच नसतं.

मालवणी_मसाले: वेळ कुठलीही घ्या, नुकसान माझंच. आधी फोन करा. फोन करूनही जो हलला नाही, त्याचंच बंद करा, सगळ्यांचं नको.

दरपत्रक: कीनुसार बंद करणं आम्हाला जमेल. दोन्ही ओळी सूचनेत घालतो, पहिला ब्लॅकआउट ऑगस्टमध्ये नेतो, दुसरा गणपतीनंतर २८ सप्टेंबरच्या सुमारास पण फक्त उरलेल्या कीसाठी. पहिलासुद्धा निवडक कीपुरताच ठेवावा का, यावर उद्या साहेबांशी बोलतो.

जुना_सर्व्हर: पहिला सगळ्यांसाठीच ठेवा. लॉगच्या यादीत आज न दिसणारा, महिन्यातून एकदाच हिशोबासाठी v1 ला हाक मारणारा कुणीतरी असतो. म्हणून तो महिनाअखेरीला घ्या, म्हणजे असा कॉल त्यात सापडेल.

मालवणी_मसाले: महिनाअखेरीला माझाही हिशोब असतो. मला अजून पटलेलं नाही.