मदत हवी आहे: मुलाकडे स्वीडनचा नंबर आहे म्हणजे तो स्वीडिश नागरिक झाला का?

परतलेला_कोथरूडकर

नमस्कार मंडळी. सहा वर्षं गोथेनबर्गला होतो, मे महिन्यात कायमचे पुण्याला परत आलो. मुलगा तिकडेच जन्मला, आता पाच वर्षांचा आहे. आम्ही दोघं भारतीय, त्याचा पासपोर्ट पण भारतीयच, जन्मल्यावर स्टॉकहोमच्या दूतावासातून काढलेला.

आता घोळ असा की शाळेच्या फॉर्मवर "इतर ओळखपत्र क्रमांक" असा एक रकाना होता आणि मी शहाणपणा करून त्यात त्याचा पर्सोननुम्मर टाकला (तिकडचा तो बारा आकडी नंबर). ऑफिसमधले साहेब म्हणतात की या नंबरात मुलाची जन्मतारीख आहे, म्हणजे तो त्याला जन्मतःच मिळालाय, म्हणजे हा जन्माने तिकडचा नागरिक, तर ओसीआय कार्ड दाखवा नाहीतर व्हिसा दाखवा. मी म्हटलं अहो भारतीय पासपोर्ट आहे की हा बघा, तर म्हणे मग दोन देशांचं नागरिकत्व झालं आणि ते आपल्याकडे चालत नाही, मग हा पासपोर्टच रद्द होईल. सासरे तर घाबरून गेलेत.

त्या नंबरवरून नागरिकत्व ठरतं का? आणि ठरत नसेल तर ते कागदावर कसं दाखवायचं?

लोणारी

आधारसारखंच असणार हो. आधार पण नागरिकत्वाचा पुरावा नाही, कायद्यातच लिहिलंय तसं. फक्त आपल्या आधारच्या आकड्यांना काही अर्थच नसतो, कुठूनही कसेही बारा आकडे येतात, तिकडे तारीख घुसवलीय एवढाच फरक.

लुनबाबा

थोडं टेक्निकल सांगतो, स्वीडिश क्लायंटच्या पगाराच्या सिस्टीमवर तीन वर्षं काम केलंय. पहिले सहा आकडे जन्मतारीख, वर्ष महिना दिवस या क्रमाने (बारा आकडी लिहिला की वर्ष पूर्ण, म्हणून आठ). मग तीन आकडी क्रमांक, त्यातला तिसरा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. शेवटचा आकडा नुसता तपासणीचा. सगळ्या प्रोग्रामरांच्या उदाहरणात दिसणारा नंबर घ्या, `811218-9876`. पहिल्या नऊ आकड्यांना आळीपाळीने २ आणि १ ने गुणायचं, गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे आकडे मिळवायचे. ७, १, २, २, २, ८, ९, ८, ५, बेरीज ४४, पुढच्या पन्नासाला ६ कमी म्हणून शेवटी ६. म्हणजे नंबर बरोबर टाइप झालाय एवढंच कळतं. माणूस खरा आहे का हे पण कळत नाही, नागरिकत्व तर लांबच.

पण एक आहे, शेवटच्या चारातल्या पहिल्या दोन आकड्यांवरून माणूस कुठला ते कळतं. इथे ९८ आहे. ९३ ते ९९ म्हणजे बाहेरून आलेला. ००पासून १३पर्यंत असेल तर स्टॉकहोमचा. म्हणजे मुलाच्या नंबरात हे दोन बघा, ९३च्या खाली असतील तर ते साहेब बरोबर असू शकतात.

गोटेबोर्गची_मी

लुनबाबा, गुणाकार बरोबर पण शेवटचा परिच्छेद अर्धाच खरा आहे आणि तोच कोणी शाळेत नेऊन दाखवला तर घोळ वाढेल.

ते जिल्ह्याचे दोन आकडे १९९०च्या आधी जन्मलेल्यांसाठी होते. १९९०पासून बंद. यांचं बाळ पाच वर्षांचं, त्याच्या आकड्यांत स्टॉकहोम पण नाही आणि परदेश पण नाही, नुसता क्रम आहे. आणि जुन्या लोकांचं पण ते जन्मगावच असेल असं नाही, १९४७ साली जेव्हा हे नंबर सुरू झाले तेव्हा जे आधीच जन्मलेले होते त्यांना त्या वर्षीच्या एक जानेवारीला ज्या जिल्ह्यात नाव नोंदलेलं होतं तिथला आकडा मिळाला. माझ्या शेजारच्या आजी जन्मल्या उत्तरेत, नंबर स्टॉकहोमचा.

आणि जन्मगाव कळलं तरी नागरिकत्व कुठे कळतं? फिनलंडमधून कामाला आलेल्या जोडप्याचं १९७०चं बाळ स्टॉकहोमला जन्मलं, आकडा स्टॉकहोमचा, पोर फिनलंडचं नागरिक. उलट आपल्याकडून सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे दत्तक आलेली कितीतरी मुलं आहेत, त्यांचे आकडे बाहेरून आलेल्यांचे, पण ती मोठी झाली ती स्वीडिश नागरिक म्हणूनच. तो आकडा बघून जर कोणी त्यांना परदेशी म्हणालं तर त्यांना काय वाटत असेल.

माझंच सांगते. मी २००६ला आले, वर्षभराच्या वर राहणार होते म्हणून स्काटेवेर्केटमध्ये, म्हणजे इथलं टॅक्स ऑफिस, तेच लोकसंख्येची नोंद पण ठेवतं, तिथे नाव नोंदवलं आणि नंबर मिळाला. तेव्हा मी भारतीय. २०१३ला स्वीडिश झाले, भारतीय पासपोर्ट परत केला. नंबर? तोच. एक आकडा बदलला नाही. नवरा अजून भारतीय आहे, त्याचा नंबर पण अगदी तसलाच. एकाच घरात दोन देशांचे नागरिक आणि दोन नंबर ठेवून कोणालाही विचारा कोण कोणत्या देशाचं, सांगता येणार नाही.

कोथरूडकर, तुमच्या मुलाला नंबर मिळाला कारण तुम्ही तिथे नोंदलेले रहिवासी होतात आणि दवाखान्याने जन्म कळवला. स्वीडनमध्ये नुसतं जन्मून नागरिक होत नाही, आई किंवा बाप स्वीडिश लागतो. त्याला तिथे राहायला परमिट काढावं लागलं होतं ना? नागरिकाला कोण परमिट देतं.

परतलेला_कोथरूडकर

अहो ताई हे तर डोक्यातच आलं नाही!! हो, परमिट काढलं होतं, दोन महिने थांबलो होतो त्यासाठी.

लुनबाबा

१९९०चं मला माहीत नव्हतं, आमच्या सिस्टीममध्ये सगळे जुने कर्मचारी होते. पण दिवसात साठ मिळवतात ते तरी परदेशी लोकांचंच ना? म्हणजे १८ तारखेच्या जागी ७८.

गोटेबोर्गची_मी

तो वेगळा नंबर, समन्वय नंबर म्हणतात, जे तिथे रहिवासी म्हणून नोंदलेले नाहीत पण कुठल्यातरी ऑफिसला ज्यांची ओळख लागते त्यांचा. बहुतेक परदेशी असतात हे खरं. पण स्वीडिश आईबापाचं मूल दुबईत जन्मलं, स्वीडनला कधी राहिलंच नाही आणि पासपोर्ट काढायला गेलं तर त्याला हाच साठवाला नंबर मिळतो. पक्का स्वीडिश नागरिक, नंबर "परदेशी" दिसणारा.

दमास्कस_रोडची_शेजारीण

धागा थोडा भरकटवते, पण तारखेवरून आठवलं. माल्मोला आमच्या मजल्यावर एक बाई आहेत, कागद न घेता पळून आलेल्या, जन्माचा दिवस माहीत नव्हता म्हणून १ जानेवारी लावली. अशा इतक्या लोकांना १ जानेवारी लागली की त्या वर्षातल्या त्या दिवसाचे नंबरच संपले, दिवसाला हजाराच्या आतच बसतात ना, मग जवळपासची दुसरी तारीख देतात. त्यांच्या नंबरात ३ जानेवारी आहे. वाढदिवस कधी करायचा यावरून दरवर्षी हसतो आम्ही. सांगायचं एवढंच की नंबरातली तारीख पण कधी कधी खरी नसते, आणि इथे लोक त्यावरून नागरिकत्व काढतायत.

नागपूरचे_काका

माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या नातीचा जन्म अमेरिकेतला आहे, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे, तिला पण इकडे अ‍ॅडमिशनला ओसीआय लागेल का?

गोटेबोर्गची_मी

काका, तुमचं उलटं आहे, तिथे जन्मली म्हणूनच ती अमेरिकन, नंबरामुळे नाही. तो नंबर तिथे कामाला गेलेल्या भारतीयांना पण मिळतो. ओसीआयचं वेगळा धागा काढा, तिकडे जाणकार येतील.

शिक्का_मोर्तब

मी बरीच वर्षं अशीच कागदपत्रं बघतो, म्हणून एक सांगतो, सगळे स्वीडनच्या बाजूने बोलताय पण खरा प्रश्न भारताच्या बाजूने आहे. मूल स्वीडिश नाही हे ठरलं, पण भारतीय आहे हे नुसत्या आईबापावरून ठरत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवावा लागतो, नागरिकत्व कायद्याचं कलम ४. त्यात आईबापांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. लक्षात घ्या, विचारतात पासपोर्टबद्दल, नंबरबद्दल नाही. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि तो उद्योग लांबतो.

तुमच्याकडे त्या नोंदणीचं सर्टिफिकेट आहे का? पासपोर्ट वेगळा, तो नाही विचारत मी.

परतलेला_कोथरूडकर

पोटात गोळा आला वाचून. पासपोर्ट मुलगा चार महिन्यांचा असताना काढलाय, तेव्हा एक फॉर्म ऑनलाइन भरून प्रिंट घेऊन गेलो होतो आणि दोघांच्या सह्या होत्या हे आठवतंय, पण सर्टिफिकेट कुठल्या फाइलमध्ये ते आठवत नाही. बायको म्हणते लॉकरमध्ये असेल. सोमवारी बघतो.

शिक्का_मोर्तब

तोच असावा. सापडला की त्याची नक्कल आणि पासपोर्ट एवढंच शाळेला द्या आणि त्या रकान्यातला स्वीडिश नंबर खोडून घ्या, तुम्हाला तो कोणी मागितला नव्हता.

गोटेबोर्गची_मी

शिवाय स्काटेवेर्केटकडून मुलाच्या नोंदीचा उतारा मागवा. मागवताना नागरिकत्वाचा रकाना छापा असं सांगा, तिथे इंडियन येईल. इंग्रजीत पण देतात. खुद्द स्वीडनमध्ये सुद्धा नागरिकत्व दाखवायला हाच उतारा, नाहीतर पासपोर्ट, नाहीतर पोलिसांकडचं राष्ट्रीय ओळखपत्र चालतं, जे फक्त नागरिकांना मिळतं. टॅक्स ऑफिसचं पण एक ओळखपत्र असतं, ते माझ्या नवऱ्याकडे पण आहे. दोन्ही कार्डांवर नंबर सारख्याच ढंगाचा.

लोणारी

ओळखपत्रं पण दोन? मग शाळेतल्या साहेबांना कसा दोष द्यायचा.

परतलेला_कोथरूडकर

अपडेट. लॉकरमध्ये सर्टिफिकेट सापडलं, जन्मानंतर तीन महिन्यांची तारीख आहे. बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. शाळेत नक्कल दिली, साहेबांनी पाचेक मिनिटं वाचली आणि म्हणाले हे ठीक आहे पण तो नंबर आता सिस्टीममध्ये चढलाय, काढायला वरून विचारावं लागेल. उतारा मागवलाय, पोस्टाने येईल. आणि तो नंबर तिकडून निघून आलो तरी आयुष्यभर त्याचाच राहणार म्हणे, हे खरं का?

गोटेबोर्गची_मी

हो, परत राहायला आला तरी तोच मिळेल. जपून ठेवा, फक्त फॉर्मवर लिहू नका.