बुडबुड्यातलं कर्ज: मुंबई, १८६५

> "लोकांची हाव समजते, पण प्रत्येक बुडबुड्यात कर्ज कुठून घुसतं?"

मुंबईचंच बघा ना. अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस लागला आणि शहरात पैसा धो धो आला. पण खरी मेख १८६३च्या कायद्यात. बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण घेऊन कर्ज द्यायची मुभा मिळाली. मग काय, एक शेअर गहाण टाकायचा, त्या पैशात दुसरा घ्यायचा. भाव चढला की तारणही फुगायचं! समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपत आलं, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायचे, तर घेणाऱ्यांनी हात वर केले. गहाण कागद बँकेच्या गळ्यात राहिले. १८६८मध्ये तीही गुंडाळली.