मदत हवी आहे: आजी आणि आईचा मिळून एकच चेहरा करताना नथ अर्धपारदर्शक दिसते

आजीचा लग्नातला कृष्णधवल फोटो आणि आईचा त्याच वयातला फोटो मिसळून मला एक तिसरीच बाई घडवायची आहे. एकीचा चेहरा दुसरीवर चिकटवायचा नाही. दोघी ओळखू याव्यात, पण कुठे कोण संपते ते कळू नये.

dlib या सॉफ्टवेअर लायब्ररीने दोन्ही चेहऱ्यांवर डोळे, नाक, ओठ यांच्या खुणेचे ६८ बिंदू लावले, त्यांची सरासरी काढली, त्रिकोणांत तुकडे करून दोन्ही चेहरे त्या सरासरी आकारात ओढले आणि मग ५०-५० मिसळले. डोळे, ओठ सुरेख जुळले. पण या बिंदूंची धाव भुवयांपर्यंतच, त्यामुळे कपाळावर केसांच्या दोन रेषा दिसतात. आजीची नथ तर धुरासारखी झाली आहे, कारण आईच्या फोटोत ती नाहीच. त्वचाही सरासरीने मेणासारखी गुळगुळीत झाली.

आता आकार ५०-५० ठेवून त्वचेचा पोत, केस आणि नथ फक्त आजीच्या फोटोतून मास्कने घ्यावी असं वाटतंय. कपाळाचे बिंदू हाताने लावायचे तर साधारण किती पुरतात? आणि नथीच्या मास्कची कड किती मऊ ठेवावी, म्हणजे ती चिकटवल्यासारखी दिसणार नाही? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.