‘ट्रू रेंज’मधलं ‘ट्रू’ मराठीत कसं आणायचं?

शब्दवेडी
शेअर बाजारावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यापाशी अडलेय. आशय असा : खरेदीभावाच्या खाली ठरावीक पाच टक्क्यांवर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरायला शेअर विकून टाकायचा भाव, ठेवू नका, तो ‘अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज’च्या, म्हणजे एटीआरच्या, पटीत ठेवा. शोधल्यावर ‘सरासरी सत्य श्रेणी’ असं मिळालं. ‘श्रेणी’ म्हटलं की मला परीक्षेचा निकाल दिसतो. आणि ‘सत्य’ कशाला? रेंज खोटीही असते का? जाणकारांनी अर्थ सांगितला तर शब्द माझा मी शोधीन.

चार्टवाला
सोपं आहे. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक म्हणजे त्या दिवसाची रेंज. चौदा दिवसांची सरासरी काढली की एटीआर. ‘ट्रू’ नुसतं शोभेला आहे, सोडून द्या. ‘सरासरी चढउतार’ म्हणा. एटीआर वाढला की तेजी समजायची, कमी झाला की मंदी.

हिशेबी
चार्टवाले, सरासरीपर्यंत बरोबर आलात, पुढे दोन्हीकडे घसरलात. तेजी-मंदीचा एटीआरशी संबंध नाही. भाव किती हलतो एवढंच तो सांगतो, कुठे चाललाय ते नाही. उलट पडत्या बाजारात तो बहुतेक वेळा वाढलेलाच दिसतो, कारण घसरण घाईघाईने होते.

आता ‘ट्रू’. समजा काल भाव ५०० वर बंद झाला. आज उघडला तोच ५१८ ला, वर ५२४ पर्यंत गेला आणि खाली ५१४ च्या खाली आला नाही. उच्चांक वजा नीचांक केलं तर उत्तर १०. पण ज्याच्याकडे कालपासून शेअर आहे, त्याच्या दृष्टीने भाव ५०० वरून ५२४ ला गेला, म्हणजे २४ ने हलला. मधली उडी बाजार बंद असताना झाली, म्हणून ती दिवसाच्या रेंजमध्ये येतच नाही. ट्रू रेंज कालचा बंद भाव धरून मोजते : आजचा उच्चांक-नीचांक फरक, कालच्या बंदपासून आजच्या उच्चांकापर्यंतचं अंतर आणि कालच्या बंदपासून आजच्या नीचांकापर्यंतचं अंतर, या तिघांतलं सर्वांत मोठं.

हे माप वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलं, तेही कमोडिटीच्या बाजारासाठी. तिथे एका दिवसात भाव किती हलू शकतो याला मर्यादा असते. सकाळीच भाव मर्यादेला जाऊन चिकटला तर दिवसभर एकाच भावावर राहतो. उच्चांक-नीचांक सारखे, रेंज शून्य! कागदावर बाजार झोपलेला आणि प्रत्यक्षात लोक धुऊन निघालेले. म्हणून ‘ट्रू’ शोभेचा नाही, मापाचा जीव त्यातच आहे.

शब्दवेडी
शून्याचं उदाहरण पटलं. मग ‘खरा पल्ला’? भाव कुठून कुठवर पोचला याला पल्ला चालेल ना?

तिरकस
पल्ला पदराचा असतो, दाराचा असतो आणि लांबचा असतो. शेअरचा पल्ला मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. सगळे ‘एटीआर किती आहे’ असंच विचारतात. मराठी केल्यावर वाचणाऱ्याला परत इंग्रजी शोधावं लागणार असेल तर उपयोग काय?

शब्दवेडी
वाक्यात एटीआर ठेवणारच आहे हो. पण पहिल्यांदा येईल तेव्हा उलगडून सांगायला मराठी शब्द हवा. आणि टक्केवाल्या स्टॉपलॉसला काय म्हणू? ‘मनमानी’ फार भांडखोर वाटतो.

हिशेबी
‘सरसकट’ घ्या. दोष तोच आहे. दोन शेअर घ्या, दोघांचा भाव ५००. एकाचा एटीआर ६, दुसऱ्याचा २२. दोन्हींना पाच टक्के लावले की स्टॉप ४७५ ला येतो. पहिल्या शेअरला ४७५ म्हणजे चार दिवसांच्या नेहमीच्या हालचालीपेक्षाही लांब. तिथवर भाव येईतो तुमचा अंदाज चुकल्याचं केव्हाच कळलेलं असतं. दुसऱ्याला तेच अंतर एका दिवसाच्या हालचालीएवढं. काही न बिघडता, एखाद्या साध्या मंगळवारी स्टॉप उडतो आणि दोन दिवसांनी शेअर परत ५२० ला. मग लोक म्हणतात, ‘माझाच स्टॉप शोधून मारला.’

एटीआरच्या दुपटीवर ठेवला तर पहिल्याचा स्टॉप ४८८, दुसऱ्याचा ४५६. प्रत्येकाला त्याच्या खोडीप्रमाणे मोकळीक.

नवखा
पण म्हणजे दुसऱ्यात मला ४४ रुपये तोटा सोसावा लागणार? पाच टक्क्यांत २५ च होता. मग हे जास्त धोक्याचं नाही का?

हिशेबी
प्रश्न रास्त आहे, आणि नव्वद टक्के लेखांत हे शेवटच्या ओळीत उरकलेलं असतं. स्टॉप लांब गेला की शेअर कमी घ्यायचे. क्रम उलटा करायचा : आधी या सौद्यात जास्तीत जास्त किती गेलेलं चालेल ते ठरवा. समजा ३,०००. पहिल्यात स्टॉप १२ ने लांब, तर ३,००० भागिले १२, म्हणजे २५० शेअर. दुसऱ्यात ४४ ने लांब, म्हणून ६८ शेअर. दोन्हीकडे स्टॉप उडाला तर जाणार सुमारे ३,०००च. पहिल्यात सव्वा लाख गुंततील, दुसऱ्यात ३४,०००. शेअरची संख्या तीच ठेवून नुसता स्टॉप लांब नेणाऱ्याने एटीआरचं नाव घेऊ नये. तो फक्त जास्त तोट्याला तयार झालाय.

अनुभवी काका
माझी अडचण वेगळीच आहे. माझ्याकडचा एक शेअर सध्या ५०० च्या आसपास आहे. दिवसाला सहा-सातच्या वर हलताना दिसत नाही. पण चार्टवर एटीआर ३४! दुपटीने स्टॉप काढला तर ६८ ने खाली. एवढ्या खालचा स्टॉप ठेवून काय उपयोग? तुमचं माप बिघडलंय.

हिशेबी
काका, गेल्या आठवड्यात शेअरचं विभाजन झालं का? एकाचे दोन?

अनुभवी काका
झालं खरं. पाच-सहा दिवस झाले. आधी हजाराला होता. त्याचा काय संबंध?

हिशेबी
तोच घोळ आहे. तुमच्या चार्टवरचे जुने भाव निम्मे केलेले नाहीत. विभाजनाच्या दिवशी मापाला असं दिसलं : काल १,००० वर बंद आणि आज नीचांक ४९७. त्याने ५०३ ची ट्रू रेंज धरली. आधी एटीआर १२ असेल तर वाइल्डर पद्धतीत काय होतं बघा : जुन्या एटीआरचे १३ भाग, आजच्या रेंजचा एक भाग, भागिले १४. उत्तर साधारण ४७. नंतर रोज थोडा थोडा उतरत पाच दिवसांत ३४ च्या आसपास येतो. भाव दुरुस्त केलेला चार्ट उघडा, सहाच्या जवळ दिसेल. एटीआर एका रात्रीत तिप्पट-चौपट झाला की आधी हेच तपासायचं. खरी बातमी आलेली असेल तर दुरुस्त केलेल्या चार्टवरही ती उडी दिसते. नुसत्या विभाजनात शेअरचा भाव निम्मा आणि संख्या दुप्पट, तुमची रक्कम जागच्या जागी.

अनुभवी काका
दुसरा चार्ट उघडला. ६.४. बरं.

चार्टवाला
माझ्या अ‍ॅपवर आणि मित्राच्या अ‍ॅपवर एकाच शेअरचा एटीआर वेगळा येतो. तिथेही विभाजनच का?

हिशेबी
तिथे बहुधा सरासरीची पद्धत वेगळी. काही ठिकाणी १४ दिवसांची साधी सरासरी घेतात, काही ठिकाणी वर सांगितलेली वाइल्डरची. समजा एटीआर ६ चालू आहे आणि एक दिवस ३४ ची रेंज आली. दोन्हींत एटीआर ८ होतो. फरक पुढे पडतो. साध्या सरासरीत चौदा दिवस पुरे झाले की तो दिवस गळतो आणि आकडा एकदम ६ वर येतो. वाइल्डरमध्ये चौदा दिवसांनीही ६.७ च्या घरात असतो, हळूहळू विसरतो. कुठलीही वापरा, पण मध्येच बदलू नका.

नवखा
मग एटीआर ६ चा ८ झाला तर माझा ४८८ चा स्टॉप ४८४ ला न्यायचा ना? नवीन एटीआरप्रमाणे?

हिशेबी
अजिबात नाही. तुम्ही २५० शेअर १२ चं अंतर धरून घेतलेत. स्टॉप खाली सरकवला की ३,००० चे ४,००० झाले, तेही भाव अंगावर येत असताना. खरेदीच्या दिवशीचा एटीआर त्या सौद्यापुरता गोठवायचा. भाव वर गेल्यावर स्टॉप वर आणायला हरकत नाही, खाली आणायला आहे.

शब्दवेडी
‘गोठवायचा’ छान आहे, उचलला. आणि स्टॉपलॉसला कुणी ‘तोटारोधक’ म्हणतं, ते घेऊ का?

तिरकस
घेऊ नका. भाव रात्रीत उडी मारून थेट ४७० ला उघडला तर ४८८ चा तोटारोधक काय रोखणार? मिळेल त्या भावाला माल जातो. विक्री सुरू करणाऱ्या ट्रिगरसोबत, याखाली विकायचं नाही असा मर्यादेचा भाव टाकला असेल तर तेही होत नाही, शेअर अंगावरच राहतो. रोधक कसला, फार तर सूचक. एवढ्यापुरता माझा ‘स्टॉपलॉस’लाच जय.

हिशेबी
इथे तिरकसांशी पूर्ण सहमत. एटीआर मागच्या दिवसांवरून काढतात, उद्याच्या निकालाची त्याला गंधवार्ता नसते. कंपनीचा निकाल तोंडावर असताना शेअर दोन आठवडे चिडीचूप असेल तर एटीआर लहान, स्टॉप जवळ, म्हणून शेअर जास्त घेतलेले, आणि सकाळी भाव तीस खाली. लहान एटीआरवर मोठा सौदा ही या पद्धतीतली सर्वांत मोठी फसगत. मी अशा वेळी हिशेबाने आलेल्या संख्येच्या निम्मे घेतो किंवा निकालापर्यंत थांबतो.

चार्टवाला
पट दुप्पटच का, तिप्पट का नाही? मी तिप्पट ठेवतो, त्रास कमी होतो.

हिशेबी
दोन्ही वापरात आहेत. तिप्पट ठेवली की स्टॉप कमी वेळा उडतो, पण नफ्याचं लक्ष्यही तेवढंच लांब ठेवावं लागतं, नाहीतर जोखमीच्या मानाने हाती काही लागत नाही. कुठल्या मुदतीचा सौदा आहे त्यावर अवलंबून. एकच आकडा सगळ्यांना सांगणं म्हणजे पुन्हा सरसकटच.

शब्दवेडी
असं लिहितेय : ‘सरासरी खरा पल्ला, म्हणजे कालच्या बंद भावापासूनची उडी धरून शेअर दिवसाला साधारण किती हलतो ते अंतर. पुढे एटीआर.’

तिरकस
पल्ला मला अजूनही खटकतो. ‘खरी हालचाल’ म्हणा.

शब्दवेडी
‘हालचाल’मध्ये अंतर दिसत नाही हो. आणि ‘४५६ ला स्टॉप उडाला’ म्हणजे भाव त्याला दिवसात एकदा टेकला की पुरे, की त्याखाली बंद व्हायला हवा?

चार्टवाला
टेकला की विषय संपला.

हिशेबी
ऑर्डर लावून ठेवली असेल तर टेकलाच. मी बंद भाव बघतो आणि त्यासाठी संख्या थोडी आणखी कमी ठेवतो, कारण दुपारी ४५६ ला टेकलेला भाव बंद होईतो ४४८ लाही असू शकतो. लेखात काय अभिप्रेत आहे ते मूळ वाक्यावरून बघा, दोन्ही रीतींत हिशेब वेगळा येतो.