मदत हवी आहे: सुट्टे परत देताना हिशोब चुकतोय, मोजत वर जायची पद्धत कशी शिकवायची?

निळाई
आमचं छोटं किराणा दुकान आहे, नवीन मुलगी ठेवलीये मदतीला, बारावी झालेली, हुशार आहे, पण गर्दीत पैसे परत देताना गोंधळते आणि रात्री गल्ला कमी भरतो. गंमत म्हणजे कमी पडतात ते नेहमी १०, २०, ३० असे. कॅल्क्युलेटर दिला तर वेळ जातो. माझे सासरे वजाबाकी न करता बिलाच्या आकड्यावरून वर मोजत जायचे, ते तिला शिकवायचंय पण मला नीट सांगता येत नाही. कोणी सांगेल का?

पुणेरी७१
सरळ क्यूआर लावा ना, सुट्ट्यांची कटकटच नको. आमच्याकडचा दुकानदार तर दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातात ठेवतो, ते आधी बंद व्हायला हवं.

निळाई
क्यूआर आहे हो. पण सकाळी दूध-पाव न्यायला येणारी म्हातारी माणसं नोटाच देतात, आणि प्रश्न सुट्टे नसण्याचा नाही, मोजण्याचा आहे.

गणितवेडा
सोप्पंय. शेवटचा अंक १० मधून वजा, बाकीचे सगळे ९ मधून. बिल १३७, नोट ५०० ची, झालं.

बाजारपेठ
गणितवेडा, तसं केलं तर ८६३ येतील. ती युक्ती १००० मधून वजा करायला आहे. ५०० साठी पहिला अंक ४ मधून काढावा लागतो, आणि बिल १४० असेल तर शेवटच्या शून्याचं काय करायचं ते वेगळंच. गर्दीत हे कुणाच्या लक्षात राहणार?

निळाई, फरक दहाच्या पटीत येतोय ना, त्यातच उत्तर आहे. १३७ चे २०० करताना ती बहुतेक सात आणि तीन दहा, तीन आणि सात दहा असं करून ७३ देते. बरोबर आहेत ६३. तीन दिल्यावर १४० झाले हे विसरायला होतं आणि दशकाचं घर पुन्हा ३ पासून भरलं जातं. अशा प्रत्येक गिऱ्हाइकामागे १० जातात. खात्री करायची तर तिला ७ चे १०० करायला सांगा, तिथे चुकणार नाही. मग ३७ चे १०० करायला सांगा, तिथे पकडली जाईल.

म्हणून मोजताना परत किती द्यायचे ते बोलायचंच नाही, कुठे पोचलो ते बोलायचं. १३७ चं बिल, ५०० ची नोट. तोंडाने "एकशेसदतीस" म्हणायचं, तीन रुपये ठेवून "एकशेचाळीस", दहाची नोट ठेवून "दीडशे", पन्नासची ठेवून "दोनशे", मग शंभराच्या तीन, "तीनशे, चारशे, पाचशे". ३६३ हा आकडा कुठेच आला नाही, येऊही नये. गिऱ्हाईक पण सोबत मोजतं. आणि पाचशेवर पोचेपर्यंत त्यांची नोट गल्ल्यात टाकायची नाही, बाहेर दिसेल अशी ठेवायची, नाहीतर नोट दोनशेची होती की पाचशेची, हा वाद होतो.

जुना_कंडक्टर
एसटीत आम्ही असंच द्यायचो. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची, पण तिथे नुसतं वर मोजून भागत नाही कारण लिहायला आकडा लागतो. म्हणजे उधार-बाकी वहीत मांडायची असेल तर ठेवलेले पैसे परत एकदा मोजावेच लागतात, हे मुलीला सांगून ठेवा.

निळाई
अगदी ३७ लाच अडकली!! ७३ म्हणाली. आता तोंडाने बोलत मोजायला लावलंय. पण अजून एक, लोक पाचशे देतात आणि वर सात रुपये सुट्टे काढतात, तेव्हा वर कसं मोजायचं?

बाजारपेठ
ते सात रुपये आधी बिलातून कापायचे. १३७ चे राहिले १३०, आणि तिथून पाचशेपर्यंत: वीस दिले दीडशे, पन्नास दोनशे, वर तीनशे. गिऱ्हाइकाने दोनच रुपये दिले तर १३५ पासून सुरू. उलट कुणी ५०० वर ४० दिले तर बिलातून चाळीस गेले, ९७ उरले, तीन ठेवले की शंभर, मग चारशे.

जुना_कंडक्टर
आणि ३६३ मोजून झाल्यावर खिशात सात सापडले तर? आम्ही ठेवलेले तीन परत उचलायचो आणि सातासकट त्याजागी दहाची नोट. दोन सेकंदात काम.

बाजारपेठ
कंडक्टरसाहेब, हिशोब बरोबर आहे, पण नवीन मुलीला नका सांगू हे. मध्येच अदलाबदल करायला लावूनच लोक फसवतात. तिने सगळे पैसे परत आपल्याकडे ओढावेत आणि १३० पासून नव्याने मोजावं.

जुना_कंडक्टर
मागे दहा माणसं उभी असताना? करून बघा. रोजचं गिऱ्हाईक तर तोंड फिरवेल.