मदत हवी आहे: जुन्या दारातलं मॉर्टिस लॉक बाहेर काढायचंय, पण कडेच्या पट्टीवर स्क्रूच दिसत नाहीत

मुक्ता_ठाणे

आईच्या घरातल्या आतल्या खोलीचं दार सागवानी आहे, इमारत १९७० च्या दशकातली. कुलपाची तिरकी जीभ आत जाऊन बसली आहे. हँडल दाबून सोडलं तरी ती बाहेर येत नाही, त्यामुळे दार लागत नाही आणि वाऱ्याने रात्रभर आपटत राहतं.

हँडल मी काढली. मानेवर खालच्या अंगाला बारीक स्क्रू होता, तो सैल केल्यावर हँडल आणि मधली चौकोनी सळी निघाली. दोन्ही अंगांच्या पितळी पट्ट्याही निघाल्या. आता दारात आरपार दोन भोकं दिसतात, वर सळीचं आणि खाली किल्लीचं. अडलंय ते दाराच्या कडेवर. तिथे वीतभर लांब, बोटभर रुंद पट्टी आहे, तिच्यातून जीभ आणि चौकोनी दांडा बाहेर येतात. पट्टीवर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की स्क्रू कुठेच दिसत नाहीत, बोटाने चाचपूनही लागत नाहीत. सुतार म्हणतो कड फोडून काढू आणि नवीन लाकडाचा तुकडा बसवू. मला दार फोडायचं नाही. स्क्रू असतात तरी कुठे?

गवतीचहा

ताई, किल्ली हरवली असेल तर चावीवाल्याला बोलवा. आमच्याकडे स्टेशनबाहेर बसतो तो पाच मिनिटांत उघडून देतो. उगाच पट्टी वगैरे उचकटायच्या भानगडीत पडू नका.

मुक्ता_ठाणे

अहो, दार उघडंच आहे! किल्लीही आहे. कुलपाची अख्खी पेटी दारातून बाहेर काढायची आहे.

पटाशी

मुक्ताताई, सुतार कामचुकारपणा करतोय. मॉर्टिस लॉकची पेटी कडेच्या पट्टीतून लाकडात जाणाऱ्या फक्त दोन स्क्रूंनी धरलेली असते, एक वरच्या टोकाला, एक खालच्या. टोकापासून साधारण सेंटिमीटरभर आत, बरोबर मधल्या रेषेवर. त्यांची डोकी पट्टीच्या पातळीत बसवलेली असतात, म्हणून रंगाखाली बोटाला लागत नाहीत.

शोधायचं असं. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च पट्टीला जवळजवळ चिकटवून खालून वर प्रकाश टाका. खाचेत रंग भरलेला असला तरी सुकताना तो थोडा खाली बसतो, त्यामुळे तिरप्या उजेडात पुसट रेघ किंवा गोल कड उमटते. दिसली तर तिथे, नाही दिसली तर दोन्ही टोकांना, जुन्या पटाशीने किंवा ब्लेडने रंग खरवडा. सगळी पट्टी खरवडायची गरज नाही.

आणि खरवडण्याआधी एक गोष्ट बघा. पट्टीची बाजूची कड नीट पाहा, जाडी एकच आहे की मध्ये केसाएवढी रेघ आहे? रेघ असेल तर तुमच्याकडे दोन पट्ट्या एकावर एक आहेत.

न्यूट्रॉन_नाना

खरवडायची कशाला मेहनत? जुन्या हार्डडिस्कमधलं किंवा फ्रीजवरचं लोहचुंबक घ्या आणि पट्टीवरून फिरवा. जिथे ओढलं जाईल तिथे स्क्रू. मी भिंतीतले खिळे असेच शोधतो.

पटाशी

नाना, पट्टी पितळेची आणि स्क्रू लोखंडी असेल तरच हे चालेल. पट्टीच लोखंडी असेल तर चुंबक सगळीकडेच चिकटेल, आणि पट्टी व स्क्रू दोन्ही पितळी असतील तर कुठेच चिकटणार नाही. त्यातून पितळी पट्टीच्या मागे पेटीची लोखंडी कड असतेच, ती मध्येच ओढते. फिरवून बघायला हरकत नाही, पण ओढ लागली म्हणून तिथेच ड्रिल मारू नका.

सांगलीकर_बापू

आमच्याकडे पण असंच झालं होतं. आतल्या बाजूला तीन स्क्रू होते, ते काढल्यावर कुलपाचा डबा अलगद हातात आला. कडेवर काही खरवडावं लागलं नाही. दाराच्या आतल्या अंगाला बघा, तिथे असतील.

पटाशी

बापू, तुमचं ते दाराच्या अंगावर बसवलेलं नाइट लॅच असणार. हे दाराच्या पोटात खाच पाडून बसवलेलं आहे. दोन्हींचा हिशेब वेगळा.

मुक्ता_ठाणे

पटाशीदादा, टॉर्चची युक्ती चालली! वरच्या टोकाला चंद्रकोरीसारखी कड दिसली. तिथे आणि खाली खरवडल्यावर दोन बारीक स्क्रू सापडले, सरळ खाचेचे, पितळी. दोन्ही सहज फिरून निघाले, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. पण पेटी तसूभरही हलत नाही. जिभेला पक्कड लावून ओढलं तर जीभच बाहेर येते. स्क्रू इतके आखूड कसे?

पटाशी

आखूड आहेत आणि आटे बारीक आहेत, म्हणजे ते लाकडात नव्हतेच. ते वरची शोभेची पट्टी आतल्या पट्टीला धरून ठेवणारे मशीन स्क्रू होते. पेटी धरणारे खरे स्क्रू त्या शोभेच्या पट्टीखाली आहेत. लोक इथेच फसतात, दोन स्क्रू निघाले म्हणजे काम झालं असं वाटतं आणि मग पक्कड लावून ओढत बसतात. जीभ ओढू नका, ती वाकली तर पेटी बाहेर निघतानाच अडकेल.

आता पट्टीच्या चारही कडांना, जिथे रंग लाकडावर उतरलाय तिथे, कटरने चीर द्या. चीर दिली नाही तर रंगाचं कातडं लाकडाचा पापुद्रा घेऊन निघतं. मग कटरचं पातं पट्ट्यांच्या मधल्या रेघेत वरून घाला. मागे नाही, मध्ये. पट्टी सुटेल.

न्यूट्रॉन_नाना

रंग फारच चिवट असेल तर हीट गन मारा. दोन मिनिटांत फुगून येतो.

अंजू_डोंबिवली

कृपया हीट गन नको. इतक्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. रंग ओला करून खरवडा, कोरडा काचकागद मारू नका, खाली वर्तमानपत्र पसरा आणि कपचे गुंडाळून टाका. घरात लहान मूल असेल तर त्याला त्या खोलीत येऊ देऊ नका.

मुक्ता_ठाणे

धन्यवाद अंजूताई, भाचा रांगता आहे, बरं झालं सांगितलंत.

पट्टी निघाली. खाली गंजलेली लोखंडी पट्टी आहे आणि तिच्या दोन टोकांना मोठे स्क्रू, अगदी तुम्ही म्हणालात तिथे. वरचा निघाला, चांगला इंचभर लांब. खालचा मात्र हट्टी आहे. खाच रंगाने आणि गंजाने भरलेली, स्क्रू ड्रायव्हर घसरतो. घसरून घसरून खाचेचे काठ गोल व्हायला लागलेत. म्हणून थांबले.

सांगलीकर_बापू

गंजरोधक स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा.

पटाशी

स्प्रेने थोडा फरक पडेल, पण हा स्क्रू लाकडात आहे. तेल डोक्यापाशीच थांबतं, आत आट्यांपर्यंत फारसं जात नाही. इथे मुख्य अडचण खाचेची आहे.

आधी खाच साफ करा. टोकदार दाभणाने रंग उकरून काढा, मग हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा फडक्यात धरून खाच थोडी खोल करा. स्क्रू ड्रायव्हर खाचेच्या पूर्ण रुंदीचा हवा, अरुंद असला की काठ खातो. तो खाचेत उभा ठेवून मुठीवर हातोडीचे दोन ठोके द्या, म्हणजे पातं बसतं आणि गंजाची पकडही सुटते. मग आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा आणि नंतर उलटा फिरवा. सगळं वजन दाराच्या दिशेने, फिरवण्याचा जोर त्याच्या निम्मा.

तरीही नाही निघाला तर डोकं ड्रिलने उडवा. डोक्याच्या मधोमध पंच मारून खूण करा, ३ मिमीच्या बिटने सुरुवात करा, मग स्क्रूच्या मानेपेक्षा जरा जाड बिट घ्या, साधारण ५ मिमी. डोकं कडीसारखं सुटून बिटवर येईल. पेटी बाहेर आली की लाकडातून डोकावणारा उरलेला स्क्रू पकडीने फिरवून काढता येतो. ड्रिल मारताना हात हलला तर पट्टीचं भोक मोठं होतं, त्या पट्टीवर तोच लॉक परत बसवायचा असेल तर जपून.

मुक्ता_ठाणे

डोकं उडवावं लागलं नाही. खाच खोल करून ठोके दिल्यावर कटकन आवाज आला आणि स्क्रू फिरला. पण दोन्ही स्क्रू निघूनही पेटी हलत नाही! आता आणखी एखादा लपलेला असेल का?

पटाशी

नव्या कुलपात असतो. ज्यात सिलिंडर असतो त्यात कडेच्या पट्टीवर, सिलिंडरच्या बरोबर समोर, एक लांब स्क्रू सिलिंडर धरून ठेवतो. तो काढून आणि किल्ली थोडी फिरवून सिलिंडर आधी बाहेर घ्यावा लागतो. तुमचं लिव्हरचं जुनं कुलूप आहे, त्याला तो नाही. तुमची पेटी फक्त रंग, गंज आणि फुगलेल्या लाकडाने धरली आहे, पावसाळ्यात तर हमखास.

चौकोनी दांडा बाहेर असेल तर आधी किल्लीने आत घ्या. मग सळीच्या भोकातून जाडसर स्क्रू ड्रायव्हर आरपार घाला, दोन्ही बाजूंना हात येईल इतका. एक जण एका बाजूने, दुसरा दुसऱ्या बाजूने धरून दाराच्या कडेच्या दिशेने सारखं ओढा. लाकडातलं भोक सळीपेक्षा मोठं असतं म्हणून थोडी जागा मिळते. सरकली की बास. भोक अरुंद असेल आणि स्क्रू ड्रायव्हर लाकडालाच टेकत असेल तर तिथेच थांबा, नाहीतर दाराचं अंग फुटेल. पट्टी मिलिमीटरभर पुढे आली की तिच्यामागे दोन्ही टोकांना पातळ पातं घालून आलटूनपालटून उचला, आणि पात्याखाली पत्र्याचा तुकडा ठेवा म्हणजे लाकडावर वळ उठत नाहीत.

गवतीचहा

अरे वा, म्हणजे दार उघडंच होतं. मी वाचलंच नव्हतं नीट. आमच्या माळ्याच्या दाराचंही असंच आहे, फोटो टाकू का?

मुक्ता_ठाणे

टाका की.

भावाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने ओढलं. करकरत निघाली. मागे भुशाचा ढीग आणि एक मेलेलं झुरळ! पेटीच्या अंगावर तीन स्क्रू आहेत, ते सोडून उघडावी म्हणते. जिभेच्या मागची स्प्रिंग तुटली असेल ना?

पटाशी

बहुतेक तीच. टेबलावर आडवी ठेवून उघडा, झाकण हळू उचला आणि काही हलवण्याआधी फोटो काढा. लिव्हर एकावर एक ज्या क्रमाने आहेत तो क्रम चुकला तर किल्ली लागणार नाही.

न्यूट्रॉन_नाना

माझं मत विचाराल तर नवीनच बसवा. इतक्या जुन्या स्प्रिंगा कुठे मिळणार?

पटाशी

नवीन घेतलं तर आधी दोन मापं घ्या. कडेपासून सळीच्या भोकाच्या मध्यापर्यंत, आणि सळीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत. ही जुळली नाहीत तर दारात नवी भोकं पाडावी लागतील आणि जुनी लांबीने भरावी लागतील. स्प्रिंग मात्र हार्डवेअरवाल्याकडे मापाची शोधता येते, साधी तारेची वळलेली असते.

मुक्ता_ठाणे

मापं घेतली. सळीपासून किल्लीपर्यंत ७० मिमी येतंय, आणि इथल्या दुकानात ८५ चं दाखवत होते. उघडून फोटो टाकते, स्प्रिंग कुणी ओळखली तर सांगा.