मदत हवी आहे: सहाव्या घाताचा वक्र थंडीत उणे पाने दाखवतोय, स्प्लाइन लावली तर करवत होते

रावेरची_पोर
शुक्रवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा. केळीला आठवड्याला किती नवी पाने येतात आणि किमान तापमान किती होतं, यांचा संबंध काढतेय. सरळ रेषा बसत नाही. वर्ग घेतला तर थंडीतले ठिपके सगळे वक्राच्या खाली पडतात. सहावा घात घेतला तर मधे छान बसतो, पण १० अंशांच्या खाली चक्क उणे पाने, जणू झाडाने आलेलं पान परत गिळलं. म्हणून स्प्लाइन लावली, तर करवतीचे दात निघाले:

```
fit <- smooth.spline(d$tmin, d$pane)

```

`ksmooth` पण करून पाहिलं, तो जागोजागी तुटतो. काय चुकतंय?

अनेरथडी
भाऊ, स्प्लाइन सोड, कर्नल धर. १९६४ मध्ये नादाराया आणि वॉटसन यांनी वेगवेगळं लिहून ठेवलंय: ज्या तापमानाला उत्तर हवं त्याच्या आसपासच्या ठिपक्यांची सरासरी काढ, जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी. लांबचे ठिपके तुझा वक्र ओढतच नाहीत, त्यामुळे बहुपदीसारखं शेपूट हलत नाही. फक्त कर्नल एपानेच्निकोव्ह घे. सगळा फरक त्यानेच पडतो.

रावेरची_पोर
भाऊ नाही, ताई. `ksmooth` मध्ये ते नाव दिसतच नाही.

वाघूरकाठ
कारण तिथे `box` आणि `normal` एवढेच आहेत. आणि अनेरथडी, कर्नलच्या आकाराने फार थोडा फरक पडतो, खरा फरक पडतो खिडकीच्या रुंदीने. ताई, तुम्ही `bandwidth` दिलीच नसणार. मग ती ०.५ धरली जाते, म्हणजे `box` मध्ये दोन्ही बाजूंना पाव अंश. त्या पाव अंशात एकही आठवडा नसेल तर सरासरी कशाची काढणार? म्हणून तुटतो. `normal` घेऊन रुंदी ४ करून बघा.

पण आधी सांगा: ओळी किती, झाडं किती, तापमान कुठून घेतलं?

रावेरची_पोर
ओळी ४३२. १२ झाडं, ३६ आठवडे. तापमान जवळच्या हवामान केंद्राचं, आठवड्याची सरासरी. हे लिहायला हवं होतं का?

सातपुडा_७२
पोरी, थंडीचा इलाज विचारतेस ना? रात्री पाणी दे, बांधावर धूर कर, घड झाकून ठेव, आणि उत्तरेकडून शेवरीची दाट ओळ पाहिजे. माझ्या कांदेबागेला गेल्या साली एवढ्यानेच तारलं.

वाघूरकाठ
लिहायलाच हवं होतं, सगळा घोळ तिथेच आहे. एका आठवड्यात बाराही झाडांचं तापमान एकच. म्हणजे ओळी ४३२ असल्या तरी वेगळी तापमानं जास्तीत जास्त ३६. त्या आठवड्यात ढग होते, पाणी उशिरा दिलं, खत पडलं, असं काहीही झालं तर बारा झाडं मिळून वर किंवा खाली जातात. बारा साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा स्प्लाइनला वाटतं हे तापमानामुळेच. म्हणून ती प्रत्येक आठवड्याच्या ठिपक्यामागे धावते.

स्प्लाइन दोन गोष्टींचा तोल सांभाळते: ठिपक्यांपासूनचं अंतर आणि वक्राचं वाकणं. वाकण्याला दंड किती, हे ती एकेक ओळ बाजूला ठेवल्यासारखा हिशोब करून ठरवते. पण एक झाड बाजूला ठेवलं तरी त्याच आठवड्याची अकरा भावंडं आत बसलेली असतात. पेपर फुटल्यावर परीक्षा घेतल्यासारखं आहे ते. दंड जवळजवळ शून्यावर येतो. आधी आठवड्याची सरासरी काढा:

```
h <- aggregate(pane ~ athavda + tmin, data = d, FUN = mean)
fit <- smooth.spline(h$tmin, h$pane)
fit$df
```

अनेरथडी
सरासरी काढली म्हणजे माहिती फेकली. ४३२ चे ३६ करायचे?

वाघूरकाठ
तापमानाबद्दलची माहिती ३६ आठवड्यांचीच होती, ४३२ ची कधीच नव्हती. झाडाझाडातला फरक हा प्रश्न असता तर वेगळं बोललो असतो.

रावेरची_पोर
केलं! आधी `df` २७ होता, आता ५.१. वक्र शहाणा झाला. रुंदी ४ ने कर्नलही तुटत नाही. पण दोघांचं डाव्या टोकाला पटत नाही. ९.४ अंशाला स्प्लाइन ०.२१ पान म्हणते, कर्नल ०.३४. आणि उजवीकडे २४ च्या पुढे दोन्ही खाली वळतात. सर म्हणतात तो उष्णतेचा ताण, त्यावर वेगळं प्रकरण लिही.

वाघूरकाठ
डावं टोक सोपं आहे. ९.४ हा तुमचा सगळ्यात थंड आठवडा, त्याच्या डावीकडे कुणीच नाही. कर्नल सरासरी काढतं ते सगळे शेजारी उजवीकडचे, म्हणजे जास्त उबेचे आणि जास्त पानांचे. म्हणून आकडा वर ओढला जातो. तिथे नुसती सरासरी न काढता खिडकीत छोटी रेषा बसवा, `KernSmooth` मधलं `locpoly`, `degree = 1`. ते स्प्लाइनच्या जवळ येईल. मात्र ९.४ च्या खाली काही विचारू नका. तिथे स्प्लाइन नुसती सरळ रेषेत पुढे जाते, आणि ती रेषाही कुठेतरी उण्यात जाणारच.

उजव्या टोकाचं मला कळत नाही. उन्हाळ्यात खरंच पानं कमी येत असतील.

सातपुडा_७२
लागण कधीची?

रावेरची_पोर
काका, मृगबाग. जुलैच्या मध्यावर लागण, टिश्यूकल्चर रोपं. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोजलं.

सातपुडा_७२
मग काय मोजत बसलीस? फेब्रुवारी-मार्चमध्ये बाग निसवते. एकदा घड बाहेर पडला की त्या खोडाला नवं पान येतच नाही, मग थंडी असो की ऊन. तू एप्रिलमध्ये शून्य लिहिलंस ना?

रावेरची_पोर
हो. ७१ शून्यं.

वाघूरकाठ
काका, दंडवत. ताई, निसवणीनंतरच्या सगळ्या ओळी काढा, झाडागणिक तारीख बघून. मग शेवटच्या आठवड्यांत दोन-तीनच झाडं उरतील, तेव्हा `w` मध्ये प्रत्येक आठवड्याच्या झाडांची संख्या द्या. दोन झाडांची सरासरी आणि बारांची सरासरी यांना सारखा मान नको.

भरीत_भाकरी
मी सोलर पंपाचं पाणी आणि ऊन यांना तिसरा घात लावतो, मस्त बसतो. उगाच कशाला एवढं? वर्गसमीकरण द्या, सरांना समजेल.

अनेरथडी
तुमचा पंप निसवत नाही.

रावेरची_पोर
ओळी काढल्या. उजवीकडचा उतार गेला. २१ अंशांच्या पुढे वक्र जवळजवळ आडवा, आठवड्याला ०.९ पान. `df` ४.३. सरांना काय सांगू देव जाणे, त्या प्रकरणाचं शीर्षक पण ठरलं होतं.

आता शेवटचं. सरांना एकच आकडा हवाय, कोणत्या तापमानाखाली वाढ थांबते. तो स्प्लाइनमधून कसा काढायचा?

वाघूरकाठ
ती तो देत नाही. खरोखर एखाद्या तापमानाला मोडण असेल तरी दंड तिला गोल करून टाकतो. शिवाय ९.४ लाही ०.२१ पान येतंच आहे, म्हणजे थांबलेलं तुमच्या डेटात कुठेच नाही. मोडरेषा बसवता येईल, पण १२ अंशांखाली आठवडे किती?

रावेरची_पोर
पाच. सगळे डिसेंबर-जानेवारीतले, एकामागून एक.

वाघूरकाठ
मग तेही पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. मी असतो तर आकडा दिला नसता.

अनेरथडी
मी दिला असता. अनिश्चिततेचा पट्टा दाखवून. ताई रिकाम्या हाताने गेल्या तर सर काय म्हणतील?

सातपुडा_७२
त्या आठवड्यांत रात्री पाणी दिलं होतं का? दिलं असेल तर बागेतली थंडी आणि केंद्रावरची थंडी एक नाही.

रावेरची_पोर
... दिलं होतं. सगळ्या रात्री नाही. नोंद बाबांच्या वहीत आहे, उद्या बघून सांगते.